प्रश्नातला ‘सावकाश’

प्रश्न साधारण असा असतो. दोन्ही टोकं बंद असलेली एक आडवी नळी. मध्ये पिस्टन. नळी उष्णतारोधक, पिस्टनही उष्णतारोधक, पण तो घर्षणाशिवाय इकडेतिकडे सरकू शकतो. दोन्ही बाजूंना सारखाच वायू, सारखाच दाब, सारखंच आकारमान, सारखंच तापमान. आता डाव्या बाजूच्या वायूला एका तारेच्या हीटरने सावकाश उष्णता द्यायची. डावीकडचा वायू प्रसरण पावतो, पिस्टन उजवीकडे सरकतो, उजवीकडचा वायू दाबला जातो. उजवीकडचा दाब सुरुवातीच्या २७/८ पट झाला की हीटर बंद. दोन्ही बाजूंची अंतिम तापमानं काढा, एकूण किती उष्णता दिली ते काढा.

जेईईची तयारी केलेल्या कुणालाही हा प्रश्न चेहऱ्याने ओळखता येतो. नाशिकला कॉलेज रोडच्या आसपास ज्या इमारतींमध्ये तळमजल्यावर झेरॉक्सवाला आणि वरच्या तीन मजल्यांवर क्लासेस असतात, तिथल्या बहुतेक फळ्यांवर ही नळी वर्षातून एकदा तरी काढली जाते. अशाच एका क्लासमध्ये मी फिजिक्सचे डाउट्स सोडवायला बसतो. शिकवणारे सर वेगळे, मी त्यांच्यानंतरचा. संध्याकाळी पाच ते साडेआठ, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक छोटा व्हाइटबोर्ड.

आधी हा प्रश्न सोडवून टाकू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अक्षरांऐवजी आकडे घेतो. प्रत्येक बाजूला १ लिटर जागा, १०० किलोपास्कल दाब (नाशिकच्या हवेचा दाब उंचीमुळे याहून जरा कमी असतो, पण जवळपास तेवढाच), तापमान ३०० केल्व्हिन. वायूचा γ १.५ धरायचा. हीलियमचा γ १.६७ च्या आसपास, हवेचा १.४. शुद्ध स्वरूपात १.५ वाला वायू सहसा भेटत नाही. पेपर काढणाऱ्यांनी तो घेतलाय घनमुळं सुटसुटीत यावीत म्हणून. तरी तो अगदीच काल्पनिक नाही. हीलियम आणि नायट्रोजन मोलच्या हिशोबाने निम्मे-निम्मे मिसळले की γ बरोबर १.५ येतो.

या वायूची एक सोय आहे. त्याची आतली ऊर्जा म्हणजे दाब गुणिले आकारमान, त्याच्या दुप्पट. किलोपास्कल गुणिले लिटर केलं की थेट ज्यूल मिळतात. म्हणजे सुरुवातीला प्रत्येक बाजूत २०० ज्यूल आहेत आणि तापमान ३०० केल्व्हिन. ऊर्जा आणि तापमान एकमेकांच्या प्रमाणात असल्यामुळे एका बाजूचे ज्यूल कळले की दीडपट करायची, तापमान हातात.

आता उजवी बाजू. तिला कुठूनच उष्णता मिळत नाही. ती फक्त हळूहळू दाबली जाते. म्हणून तिच्यासाठी PV^γ स्थिर राहतं. दाब २७/८ पट झाला, म्हणून आकारमान २७/८ च्या दोन-तृतीयांश घाताने कमी झालं, म्हणजे ४/९ लिटर. दाब ३३७.५ किलोपास्कल. गुणाकार १५०, दुप्पट ३०० ज्यूल, तापमान ४५० केल्व्हिन. तिच्यात १०० ज्यूल वाढले, ते सगळे पिस्टनने केलेल्या कार्यातून आले.

डावी बाजू. एकूण जागा २ लिटर, त्यातून ४/९ गेले, उरले १४/९ लिटर. पिस्टन मोकळा असल्याने दाब तोच, ३३७.५. ऊर्जा १०५० ज्यूल, तापमान १५७५ केल्व्हिन. तिच्यात ८५० वाढले आणि तिने १०० उजवीकडे ढकलले. हीटरने दिलेली उष्णता ९५० ज्यूल.

इथे सगळ्यांत जास्त मुलं डाव्या बाजूलाही PV^γ लावतात. हात सवयीने तिकडे जातो. पण डावीकडे हीटर चालू आहे, तिथे तो नियम लागूच होत नाही. लावला तर काय होतं ते बघण्यासारखं आहे. डावीकडचंही आकारमान ४/९ येतं. मग दोन्हींची बेरीज ८/९ लिटर होते आणि नळी तर २ लिटरची आहे. उरलेला एक लिटरहून जास्त वायू गेला कुठे? ही बेरीज करून बघायला दहा सेकंद लागतात, तरी ती फार कमी जण करतात.

तर हे झालं नेहमीचं. आता त्या टेस्टकडे येतो.

आमच्याकडे दिवाळीनंतर रिपीटर बॅचची एक मोठी टेस्ट असते. पहिल्या चाळीस जणांना दुसऱ्या हप्त्याच्या फीमध्ये निम्मी सवलत मिळते. मुलं तिला स्लॅबची टेस्ट म्हणतात. निफाड तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीने येणारी एक मुलगी या बॅचला होती. घरी द्राक्षाची बाग. त्या वर्षी ऐन वेळी अवकाळी झाला होता. तिने मला हे सांगितलं नव्हतं. फी भरायची तारीख पुढे ढकलून मागायला तिचे वडील ऑफिसात आले होते तेव्हा ते काउंटरशी बोलताना माझ्या कानावर पडलं.

त्या टेस्टमध्ये ही नळी आली होती. फक्त पेपर काढणाऱ्याने ती जरा बदलली होती, उघड आहे की जुना प्रश्न मोबाइलवर शोधून सापडू नये म्हणून. हीटरच्या जागी ठिणगी आली होती. ‘डाव्या भागातील वायूला ठिणगीद्वारे क्षणार्धात ९५० ज्यूल उष्णता दिली. पिस्टन पुन्हा स्थिर झाल्यावर उजव्या भागातील वायूचे तापमान किती केल्व्हिन?’ उत्तर चौकटीत आकड्यात लिहायचं. चार मार्क. उत्तरसूचीत ४५०.

तिने चौकट रिकामी सोडली होती. रफ वर्कच्या जागेत एकच ओळ लिहिली होती: माहिती अपुरी आहे.

टेस्टनंतरच्या संध्याकाळी ती टेबलाशी आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, “सर, तो पिस्टन थांबतो कसा?”

मला वाटलं ती दाब समान होण्याबद्दल विचारतेय. म्हटलं, “दोन्हीकडचा दाब सारखा झाला की बल शून्य होतं.”

“बल शून्य झालं म्हणून थांबत नाही ना, सर. तेव्हाच तर तो सगळ्यात जोरात असतो. पुढे निघून जाईल.”

बरोबर होतं तिचं. झोका सगळ्यात खालच्या बिंदूला असतो तेव्हा त्याच्यावर मागे-पुढे ओढणारं बल नसतं आणि तेव्हाच तो सगळ्यात वेगात असतो. पिस्टन दाब समान होण्याची जागा ओलांडून पुढे जाणार, उजवीकडचा वायू जास्त दाबला जाणार, मग तो पिस्टनला परत ढकलणार. घर्षण नाही असं प्रश्नातच लिहिलंय. मग तो डोलतच राहायला हवा. ‘स्थिर झाल्यावर’ हे शब्द आले म्हणजे त्या डोलण्याची ऊर्जा कुणीतरी खाल्ली असणार.

“कुणी खाल्ली?” मी विचारलं.

“वायूनेच. अजून आहे कोण आत? पण डावीकडच्याने की उजवीकडच्याने? ते सांगितल्याशिवाय तापमान कसं काढायचं?”

मी बोर्ड पुसला.

हे नीट समजून घ्यायचं तर ‘सावकाश’ हा शब्द मूळ प्रश्नात काय करत होता ते बघावं लागतं. हीटर सावकाश चालू असतो तेव्हा डावीकडचा दाब उजवीकडच्यापेक्षा केसभरच जास्त असतो. पिस्टन रांगत सरकतो, त्याला वेग असा नसतोच. डोलणं नाही, धक्का नाही, लाट नाही. उजवीकडच्या वायूतला प्रत्येक भाग एकाच दाबाला असतो आणि म्हणूनच PV^γ लावायचा परवाना मिळतो. तो नियम फक्त ‘उष्णता आत-बाहेर गेली नाही’ एवढ्यावर मिळत नाही, ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते आणि ती ओळ कुणी अधोरेखित करत नाही. उष्णता गेली नाही आणि शिवाय सगळं सावकाश झालं, अशा दोन अटी आहेत.

सावकाश म्हणजे किती सावकाश, असाही डाउट येतो. इथे घड्याळ आवाजाचं आहे. दहा सेंटिमीटरची नळी हवेतला आवाज सेकंदाच्या साधारण तीन-दशसहस्रांश भागात पार करतो. डावीकडे काही बदललं की उजव्या टोकाला ‘कळायला’ एवढा वेळ लागतो. पिस्टनच्या एका झोक्याला त्याच्या वजनानुसार याहून बराच जास्त वेळ लागेल, तरी तो सेकंदाच्या आतलाच. पन्नास वॅटचा हीटर ९५० ज्यूल द्यायला १९ सेकंद घेतो. पिस्टनच्या दृष्टीने हे कमालीचं सावकाश आहे. ठिणगी मात्र तसं काही चालू देत नाही.

ठिणगी पडते तेव्हा पिस्टन हललेलाही नसतो. डावीकडच्या २०० ज्यूलमध्ये ९५० मिळवले की झाले ११५०. आकारमान अजून १ लिटरच, म्हणून दाब ५७५ किलोपास्कल. उजवीकडे अजून १००. पिस्टनच्या एका बाजूला दुसरीच्या पावणेसहा पट दाब. तो धाडकन निघतो.

शेवटी, डोलणं विरल्यावर, काय माहीत असतं? एकूण ऊर्जा १३५० ज्यूल, कारण नळीतून काहीच बाहेर गेलेलं नाही. दोन्हीकडचा दाब समान. ऊर्जा म्हणजे दाब गुणिले आकारमानाची दुप्पट, आणि एकूण आकारमान २ लिटर. म्हणून १३५० भागिले ४, दाब ३३७.५ किलोपास्कल.

तोच दाब. हीटरने सावकाश दिलं तरी तोच, ठिणगीने दिलं तरी तोच. पिस्टन उष्णतारोधक नसता, साधा पातळ धातूचा असता, तरी तोच. फक्त मग दोन्हीकडचं तापमान सारखं झालं असतं, १०१२.५ केल्व्हिन, आणि पिस्टन पुन्हा मधोमध आला असता. मला या प्रश्नातली ही गोष्ट सगळ्यात आवडते. अंतिम दाबाला आत काय घडलं याच्याशी देणंघेणं नाही. तो फक्त एकूण किती ज्यूल आले ते मोजतो. (दोन्हीकडचा वायू सारख्या γ चा असेल तरच, हे विसरू नये. एकीकडे हीलियम आणि दुसरीकडे हवा भरली की ही मजा गेली.)

पण पेपरात दाब विचारला नव्हता. तापमान विचारलं होतं, आणि तापमानासाठी पिस्टन कुठे थांबला ते हवं. तिथे समीकरणं संपतात. उजवीकडे किती ऊर्जा गेली हा एक आकडा अज्ञात राहतो आणि त्याला पकडायला एकही समीकरण शिल्लक नसतं.

मग मी तिला म्हटलं, “आकडा मिळणार नाही. पण कुंपण घालता येतं का बघ.”

तिने घातलं. थोडी मदत मी केली, पण विचार तिचा होता. उजवीकडच्या वायूला १०० किलोपास्कलपासून ३३७.५ पर्यंत न्यायचंय. कमीत कमी किती कार्यात हे होईल? सावकाश दाबलं तर. सायकलचा पंप धसमुसळेपणाने मारला की तेवढाच दाब गाठायला जास्त मेहनत पडते आणि हवा जास्त तापते. सावकाशचा आकडा आपल्याकडे आधीच आहे, १०० ज्यूल. म्हणजे उजवीकडे १०० पेक्षा कमी जाऊच शकत नाहीत आणि तापमान ४५० च्या खाली राहूच शकत नाही.

वरचं कुंपण डावीकडून मिळतं. ठिणगीनंतरचा वायू ५७५ वरून ३३७.५ किलोपास्कलपर्यंत प्रसरण पावतोय. तो जास्तीत जास्त किती कार्य देईल? तेही सावकाश पसरला तरच. ठिणगी पडून गेलीय, आता डावीकडेही हीटर नाही, म्हणून या टोकाच्या हिशोबापुरता PV^γ डावीकडे चालतो. आकारमान १ लिटरवरून सुमारे १.४२६ लिटर होतं, ऊर्जा ११५० वरून सुमारे ९६३ वर येते. म्हणजे डावीकडून जास्तीत जास्त १८७ ज्यूल निघू शकतात, त्याहून एक कणही नाही. ते सगळे उजवीकडे गेले तर तिथे ३८७ ज्यूल होतात आणि तापमान जवळपास ५८१ केल्व्हिन.

तर उत्तर ४५० ते ५८१ च्या मध्ये कुठेतरी. डावीकडे त्या मानाने १५७५ ते १४४४.

नेमकं कुठे, ते डोलणं कुठे विरतं यावर ठरतं. समजा डावीकडे एक बारीक जाळी भरली, स्वतः उष्णता न घेणारी, कल्पनेतली. वायू तिच्यातून ये-जा करताना अडखळेल आणि सगळं डोलणं डावीकडेच उष्णतेत बदलेल. उजवी बाजू निवांत दाबली जाईल आणि उत्तर ४५० च्या जवळ येईल, तेच उत्तरसूचीतलं. तीच जाळी उजवीकडे भरली तर ५८१ च्या जवळ. जाळी नसेल तर वायूतल्या धक्क्याच्या लाटा, वायूची श्यानता, पिस्टनचं वजन हे सगळं हिशोबात घ्यावं लागेल आणि ते चार मार्कांचं काम नाही. ऊष्मागतिकीचे दोन्ही नियम इथे कुंपणापाशी उभे राहतात आणि आत जात नाहीत.

हे काही तिने किंवा मी शोधून काढलेलं नाही. हर्बर्ट कॅलन यांच्या ‘थर्मोडायनॅमिक्स’ या १९६० च्या पुस्तकात सरकत्या उष्णतारोधक भिंतीचा हा प्रकार वेगळा काढून ठेवलाय, की नेहमीच्या रीतीने याची अंतिम स्थिती ठरत नाही. एलियट लीब या गणिती भौतिकशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये ‘मला सुटलेले पाहायला आवडतील असे प्रश्न’ अशा धर्तीची एक यादी छापली, तिच्यातही हा पिस्टन आहे. कॉलेज रोडवरच्या व्हाइटबोर्डवर काढतो तीच नळी.

मी एक पान लिहून ऑफिसात दिलं. दोन्ही कुंपणांचे आकडे, आणि खाली एवढंच की ‘सावकाश’ काढून ठिणगी घातल्यामुळे प्रश्नाला एकच उत्तर उरलेलं नाही. आधी म्हणाले, मुलांना पॅटर्न माहीत आहे, सगळे ४५० च काढणार, अपेक्षित तेच आहे. यात तथ्य नव्हतं असं नाही. बऱ्याच जणांनी ४५० लिहिलंही होतं. दोन दिवसांनी दुसऱ्या शाखेच्या सरांनीही तेच कळवलं तेव्हा प्रश्न रद्द झाला. त्याचे मार्क कुणालाच नाहीत, एकूण बेरजेतून चार वजा.

एक मुलगा चिडून माझ्याकडे आला. “सर, मी बरोबर काढलं होतं ना? चार मार्क गेले माझे.” त्याला मी तेच सगळं बोर्डवर दाखवलं. त्याने ऐकून घेतलं, पण त्याचा चेहरा काही सुटला नाही आणि त्याला दोष देता येत नाही. त्याला जे शिकवलं होतं ते त्याने नीट केलं होतं.

तिचा नंबर सत्तेचाळीसवरून एक्केचाळीसवर आला. सवलत चाळीसपर्यंत होती. वडिलांनी दुसरा हप्ता तीन भागांत भरला, त्यातला शेवटचा मार्चमध्ये, द्राक्षं गेल्यावर.

माझे मामा सातपूरला एमआयडीसीत फिटर होते, आयुष्य हवेच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरांची सीलं बदलण्यात गेलं. त्यांना मी एकदा ही नळी काढून दाखवली होती. त्यांनी चित्राकडे बघितलं आणि म्हणाले, असा पिस्टन कुणी बनवून दाखव. सील घट्ट बसवलं तर घासणार, सैल सोडलं तर हवा पलीकडे जाणार. घासणारही नाही आणि गळणारही नाही असा मी तीस वर्षांत बघितला नाही. शिवाय सिलिंडर कशाचा, लोखंडाचा? मी हो म्हटलं. मग हसले. नंतर मी हिशोब केला तेव्हा त्यांचं हसू कळलं. आपल्या नळीतल्या सगळ्या वायूचं तापमान एक केल्व्हिनने वाढवायला सव्वा ज्यूलच्या आसपास लागतो. अर्धा किलो लोखंडाला दोनशेच्या वर. म्हणजे खरी नळी बनवून हीटर लावला तर १९ सेकंदांत पुष्कळशी उष्णता नळीच पिऊन टाकेल आणि वायू जेमतेम कोमट होईल. म्हणून ‘सावकाश’ला दुसरीही बाजू आहे. पिस्टनला डोलू देणार नाही इतकं सावकाश, पण भिंतींना उष्णता गिळायला वेळ मिळणार नाही इतकं झटपट. कागदावर भिंती उष्णतारोधक म्हटल्या की ही दुसरी अट नाहीशी होते. गाडीच्या इंजिनात ती जिवंत असते; तिथे दाबण्याचा एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकतो, म्हणून वायू तापतो आणि तरीही भिंतीकडे बरीच उष्णता जातेच.

मामांचं हे मी तिला सांगितलं, तेव्हा ती आधीच पुढे गेली होती. जानेवारीतला पेपर देऊन आली होती, त्याबद्दल काहीच बोलली नाही. वहीचं मागचं पान उघडलं.

“सर, थांबला असं आपण म्हणतो. पण डावीकडे दीड हजार केल्व्हिनचे रेणू आपटतायत आणि उजवीकडे पाचशेचे. पिस्टन अगदी थोडा तरी थरथरेल ना? मग उष्णतारोधक राहिला कुठे?”

फाइनमन यांनी १९६१-६२ मध्ये कॅलटेकला दिलेल्या व्याख्यानांत अगदी हाच विचार मांडलाय. दोन वायूंच्या मध्ये मोकळा पिस्टन. दाब समान असला तरी एकेक रेणू कमी-जास्त जोराने आपटत असतो, पिस्टनला सूक्ष्म हिसके बसत राहतात. तापलेल्या बाजूचे वेगवान रेणू त्याला जास्त हलवतात आणि ती हालचाल तो थंड बाजूच्या रेणूंना देतो. पिस्टनच्या आतून उष्णता जात नाही, पण त्याच्या थरथरण्यातून जाते. म्हणजे पिस्टन जर खरोखर मोकळा असेल तर तो पूर्ण उष्णतारोधक असूच शकत नाही. आणि खिळा ठोकून थांबवला तर तो मोकळा नाही.

आम्ही किती वेळ लागेल याचा ढोबळ हिशोब केला. पिस्टन शंभर ग्रॅमचा, नळीचा छेद शंभर चौरस सेंटिमीटरचा. थरथरीतून पलीकडे जाणारी ऊर्जा एका सेकंदाला एका ज्यूलच्या साधारण अब्जाव्या भागाचाही अब्जावा भाग निघाली. दोन्हीकडचं तापमान १०१२.५ केल्व्हिनला यायला २८८ ते ३७५ ज्यूल पलीकडे जायला हवेत. विश्वाचं आजवरचं वय त्या वेळापुढे हजारपटीने कमी पडतं.

तिने दोन ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत ४५० ते ५८१, आणि समोर ‘डोलणं थांबल्यावर’. दुसरीत १०१२.५, आणि समोर ‘खरंच थांबल्यावर’. मग विचारलं, शंभर ग्रॅमऐवजी पिस्टन एका धुळीच्या कणाएवढा घेतला तर? थरथर पिस्टनच्या वजनाच्या उलट प्रमाणात वाढते. वहीत जागा उरली नव्हती, म्हणून तो हिशोब बोर्डवर सुरू केला.